सोयाबीन उगवलं नाही म्हणून तापून आलेलं गिऱ्हाईक: पहिली दहा मिनिटं कशी सांभाळायची

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, मोंढ्याच्या तोंडाशी आमचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. वर्षभरात काउंटरवर जेवढी भांडणं होतात त्यातली बहुतेक जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत होतात आणि कारण ठरलेलं असतं: सोयाबीन उगवलं नाही. २०२० चा खरीप ज्यांनी दुकानात बसून काढलाय त्यांना हे सांगायला नको. २०१९ च्या काढणीत पावसानं सोयाबीन भिजलं, तसल्याच मालाचं बियाणं झालं आणि पुढच्या मिरगात मराठवाडाभर वावरं उघडी पडली. औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली होती, एवढा तो बोभाटा झाला. पण कोर्ट, अधिकारी, कंपनी हे सगळं नंतरचं. माणूस पहिल्यांदा येतो तो ज्याच्या हातून बॅग घेतली त्याच्या दुकानात.

मी इथं लिहितोय ते त्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल. बियाणं कुणामुळं फसलं हे त्या दहा मिनिटांत कळत नाही, कळणं शक्यही नाही. तेवढ्या वेळात एवढंच साधायचं असतं की ओरडत आलेला माणूस खुर्चीवर बसून लॉट नंबर सांगायला लागला पाहिजे.

एक प्रसंग धरून चालतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. जुलै उजाडला होता. सकाळी अकराच्या सुमाराला साठीतला एक शेतकरी मोटारसायकलवरून उतरला. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, आम्ही मामा म्हणतो. हातात दस्ती, दस्तीत रानातली ओली माती आणि मातीत कुजलेले दाणे. दुकानात आठ-दहा माणसं उभी होती. मामांनी ती दस्ती काउंटरवर आपटली. "हे बघा तुमचं बियाणं! चार एकर रान मोकळं पडलंय. शेठ कुठाय तुमचा?"

मी आत गोदामात होतो. काउंटरवर पुतण्या. तो म्हणाला, "बिल आहे का?"

झालं! मामांचा आवाज मोंढ्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला असेल.

पुतण्याचं तसं काही चुकलं नव्हतं. बिलाशिवाय तक्रार पुढं सरकत नाही, हे खरंच आहे. पण तापलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न बिलाचा आला की त्याला ऐकू येतं ते असं: तू माल आमच्याकडूनच घेतलास कशावरून? 'शांत व्हा'चंही तसंच आहे. ज्याला शांत व्हा म्हणतो त्याला आपण सांगत असतो की तुझं तापणं गैर आहे. 'खोल पेरलं असेल' हे तर त्या क्षणी शिवीसारखंच लागतं, मग ते खरं का असेना. हे तीन शब्दप्रयोग मी पोरांना पहिल्या दिवशीच बंद करून टाकतो. बिल मागायचंच आहे, पण सातव्या-आठव्या मिनिटाला.

काउंटर मध्ये ठेवू नका

मी बाहेर आलो ते थेट काउंटरच्या पलीकडं गेलो. ही पायरी लोक गाळतात आणि मग आवाजाची कितीही कसरत केली तरी काम होत नाही. काउंटरच्या आत उभा असलेला माणूस दुकान असतो आणि बाहेर आलेला गावातला माणूस. मात्र एकदम समोरासमोर, छातीला छाती लावल्यासारखं उभं राहायचं नाही. थोडं बाजूला, तिरकं, दीड हाताचं अंतर सोडून. हात दिसतील असे मोकळे. कमरेवर हात ठेवले किंवा घडी घातली की समोरचा लगेच ताठरतो. मोबाइल खिशात गेला पाहिजे, तोही त्याच्या डोळ्यांदेखत.

मग बसवायचं. उभ्यानं ओरडणं सोपं असतं, बसून तेवढा जोर लागत नाही. पण 'बसा' म्हटल्यावर तापलेला माणूस बसत नाही. "बसायला नाही आलो" हे उत्तर तयारच असतं. म्हणून खुर्ची आधी ओढायची आणि दुसऱ्या खुर्चीवर आपण बसायला लागायचं. आपण खाली, तो वर, हे त्याला फार वेळ बरं वाटत नाही. आमच्याकडं खताच्या पोत्यांच्या थप्पीजवळ पंख्याखाली दोन खुर्च्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. तिथून काउंटरवरची गर्दी पाठीमागं राहते. गर्दी बघत असली की माणसाला माघार घेता येत नाही. त्याला राग आलेला असतोच, वर तो चारचौघांत दाखवावाही लागतो. आत केबिनमध्ये मात्र नेऊ नका. दार लावून आत नेलं की बाहेरच्यांना वाटतं प्रकरण मिटवायला नेलं, आणि त्यालाही तसंच वाटतं.

पाण्याचा तांब्या पोरानं न विचारता आणून ठेवावा. चहा आत्ता नको. राग उतरायच्या आधी आलेला चहा लाच वाटतो.

पहिला भर ओसरू द्या

मामा बसले नाहीत लगेच. उभ्यानंच बोलत राहिले: मिरगाचा पाऊस चांगला झाला म्हणून पेरलं, कट्टे घरचे नव्हते, तुम्ही म्हणालात हीच कंपनी घ्या, ट्रॅक्टरवाल्याचं भाडं दिलं, खत टाकलं, शेजाऱ्याचं हिरवंगार दिसायलंय, आणि माझ्या वावरात कावळे बसायलेत. "मी काय खोटं बोलायलो का? चला वावरात, दाखवतो!"

या वेळी काही बोलायचं नसतं. फक्त 'हं', 'बरं', 'किती दिवस झाले?' इतकंच. तेही त्यानं श्वास घेतला तर. मी घड्याळ लावून बघितलेलं नाही, पण अनुभवानं सांगतो, मध्ये कुणी तोडलं नाही तर हा पहिला भर दीड-दोन मिनिटांच्या वर सहसा जात नाही. तोडलं तर मात्र तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि दुसऱ्या वेळी त्यात आपला बापही येतो.

भर ओसरला हे कसं ओळखायचं? माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागतो, आणि दुसऱ्यांदा ती आखूड होते. मामा दुसऱ्यांदा शेजाऱ्याच्या हिरव्या वावरावर आले आणि मध्येच थांबून त्यांनी टोपी काढून घाम पुसला. ती खूण. आपली बोलायची पाळी तिथं येते, त्याआधी नाही.

एक गोष्ट आपल्या भागापुरती सांगतो. आपल्याकडं मोठा आवाज म्हणजे राग असंच काही नाही. आखाड्यावरून हाका मारायची सवय असलेला माणूस बायकोला भाकरी वाढ म्हणतो तेव्हाही तीन घरांना ऐकू जातं. पुण्या-मुंबईकडून आलेला कंपनीचा नवा पोरगा नुसत्या आवाजानं घाबरतो आणि उगाच माफ्या मागत सुटतो. आवाजाच्या उंचीकडं बघू नका. शब्द बघा: 'बियाणं उगवलं नाही' असं चाललंय तोवर तो माणूस मालाबद्दल बोलतोय. 'तुम्ही फसवलं' वर आला की तुमच्याबद्दल. आणि आवाज अचानक खाली जाऊन दात-ओठ आवळले गेले, नजर एका जागी खिळली, तर तो जास्त काळजीचा प्रकार, त्यावर शेवटी येतो.

आवाज आधी थोडा वर, मग पायरी-पायरीनं खाली

बहुतेकांना सांगितलं जातं की समोरचा ओरडला तर आपण हळू, गोड बोला. हे अर्धंच बरोबर आहे. पेटलेल्या माणसापुढं पहिल्याच वाक्याला तुम्ही देवळातल्या पुजाऱ्यासारखे मऊ बोललात, तर त्याला वाटतं याला काहीच फरक पडलेला नाही. मग तो तुम्हाला जागं करायला आणखी ओरडतो.

म्हणून माझं पहिलं वाक्य त्याच्या जोराच्या जवळपासचं असतं. ओरडून नाही, पण ठसक्यात आणि जलद: "चार एकर! सगळंच?" त्यात आश्चर्य आहे, काळजी आहे, आणि वेगही त्याच्याच बोलण्याचा आहे. मामा म्हणाले, "सगळंच म्हणजे, एका कोपऱ्यात निघालंय थोडंफार. बाकी ठणठणीत." लक्षात घ्या, 'चार एकर रान मोकळं' इथं पहिल्यांदा थोडं आखूड झालं, तेही त्यांच्याच तोंडून.

दुसरं वाक्य एक पायरी खाली आणि थोडं सावकाश: "कोपऱ्यात निघालंय. बरं. पेरून किती दिवस झाले, मामा?" तिसरं आणखी खाली. चौथ्या-पाचव्या वाक्याला मी माझ्या रोजच्या आवाजाच्याही किंचित खाली असतो आणि समोरचा नकळत मागोमाग उतरत येतो. तो उतरला नाही तर आपण एकटेच खाली जाऊन उपयोग नाही. एक पायरी परत वर जाऊन तिथून पुन्हा सुरू करायचं.

वेगाचं गणित सोपं आहे. एका वाक्यात एकच गोष्ट. वाक्य संपलं की मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि मगच पुढचं. ही दोन अंकांची जागा सुरुवातीला फार लांब वाटते, तोंडाला खाज सुटते, पण तेवढ्या जागेत समोरचा श्वास घेतो. वाक्याचा शेवट खाली उतरला पाहिजे. 'बघतो मी' हे शेवटी सूर वर नेऊन म्हटलं की टाळल्यासारखं वाटतं, आणि खाली आणून म्हटलं की ठरवल्यासारखं. पटत नसेल तर दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पुतण्याला मी हाच उद्योग लावला होता, रात्री दुकान बंद केल्यावर. त्याचं प्रत्येक वाक्य वर जात होतं. त्याला स्वतःला पटेना, पण रेकॉर्ड तर खोटं बोलत नाही.

त्याचं म्हणणं त्याला परत सांगा

ही सगळ्यात कामाची पायरी, आणि सगळ्यात जास्त चुकतही हीच.

परत सांगणं म्हणजे पोपटपंची नव्हे. तो म्हणाला 'रान मोकळं पडलंय', तुम्ही म्हणालात 'रान मोकळं पडलंय', तर त्याला वाटेल चेष्टा चाललीय. 'मी तुमच्या भावना समजू शकतो' हे वाक्यही नको. ते टीव्हीवरच्या मालिकेतलं आहे, मोंढ्यात कुणी असं बोलत नाही. आपल्याला सांगायच्या असतात दोन गोष्टी: काय घडलं, आणि त्यात त्याचं काय गेलं. त्या त्याच्याच भाषेत, पण आपल्या शब्दांत.

मामांना मी म्हणालो, "म्हणजे पाऊस बघून तुम्ही पेरलं, चार बॅगा गेल्या, आठ दिवस झाले, आणि एका कोपऱ्याशिवाय ओळच दिसत नाही. असंच ना?"

"आठ कुठले, नऊ झाले उद्या."

इथं थांबून सांगतो. तुमचं परत सांगणं थोडं चुकलं तरी बिघडत नाही, उलट बरंच होतं. माणूस चूक दुरुस्त करायला लागला की तो भांडायचा थांबतो आणि माहिती द्यायला लागतो. दोन्ही कामं एका वेळी जमत नाहीत. पण मुद्दाम चुकू नका. ते शेतकऱ्याला लगेच कळतं.

मग दुसरी गोष्ट, जे गेलं ते: "नऊ दिवस. म्हणजे बियाण्याचे पैसे एकीकडं, ट्रॅक्टर-खत एकीकडं, आणि वर आता दुबार पेरायचं तर दिवस हातातून चाललेत."

मामा काही बोलले नाहीत. पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे होते ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "पैशाचं एक असू द्या. पोरगं म्हणत होतं यंदा कापूस लावू. मीच म्हणालो सोयाबीन. आता घरात तोंड दाखवायची सोय नाही."

खरी जखम ही होती. बियाण्याच्या पैशापेक्षा घरात खोटं पडल्याचा राग जास्त होता, आणि तो बिचारा माझ्या काउंटरवर निघाला. हे ऐकल्यावर एकच वाक्य पुरतं: "तुम्ही माझ्या सांगण्यावरून घेतलंत, आणि घरी बोलणी तुम्हाला बसायलीत." पुढं काही जोडायचं नाही. 'पण' तर अजिबात नाही. 'तुमचं खरं आहे, पण...' यातल्या 'पण'नं आधीचं सगळं पुसलं जातं. जोडायचंच असेल तर 'आणि' वापरा, नाहीतर वाक्य संपवा.

आता धोक्याची जागा. परत सांगणं म्हणजे कबूल करणं नव्हे, आणि ही रेघ आपल्या डोक्यात पक्की पाहिजे. 'बियाणंच खराब निघालं' हे मी त्या वेळी म्हणालो असतो तर मामा खूश झाले असते, आणि चार दिवसांनी तेच वाक्य माझ्या गळ्यात आलं असतं. कारण ते खरं आहे की नाही हे मला माहीतच नव्हतं. सोयाबीन न उगवण्याला कारणं अनेक. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आधी पेरलं तर ओल पुरत नाही. दाणा चार-पाच सेंटिमीटरच्या खाली गेला तर कोंब वर येईपर्यंत दमतो. पेरल्यावर जोराची सर आली आणि मग ऊन पडलं तर काळ्या रानाची वरची माती पापडीसारखी आवळते. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ, बॅगा आदळल्या तरी आत इजा होते. ती इजा कंपनीच्या गोदामात, आमच्या गोदामात किंवा शेतकऱ्याच्या ट्रॉलीत, कुठंही झालेली असू शकते. आणि बियाणं मुळातच कमजोर असू शकतं.

म्हणून वाक्य असं: "रान मोकळं आहे हे खरं. कशानं मोकळं राहिलं ते आपण मिळून बघू." पहिला भाग मान्य, कारण तो डोळ्यांना दिसतोय. दुसरा उघडा. 'मिळून' हा शब्द ठेवा.

आता काय करणार, ते स्पष्ट सांगा

माणूस बसला, आवाज उतरला, की काही दुकानदार तिथंच थांबतात. चहा पाजतात, 'बघू आपण, काळजी करू नका' म्हणून वाटेला लावतात. चार दिवसांनी तोच माणूस परत येतो, आणि या खेपेला पाच जण बरोबर घेऊन. 'बघू' हे काम नाही. काम म्हणजे कोण, काय, कधीपर्यंत. आणि काय होणार नाही, तेही.

बिल मी आत्ता मागितलं: "मामा, बिल, बॅग आणि तिच्यावरचा टॅग असेल तर द्या, लॉट नंबर बघू." त्यांनी खिशातून घडी केलेलं बिल काढलं. टॅग घरी होता. लॉट नंबर बिलावर होताच. (बिलावर लॉट नंबर लिहायचा कंटाळा करणाऱ्या दुकानदारांनी हा लेख इथंच सोडून आधी ते सुरू करावं.)

मग मी बोटं मोजत सांगितलं, सावकाश, प्रत्येकानंतर थांबून.

"एक. तुमच्या समोर आत्ता बिलबुक काढतो. याच लॉटची बॅग आणखी कुणी नेली ते बघून दोघांना फोन लावतो.

"दोन. याच लॉटच्या दोन बॅगा माझ्याकडं शिल्लक आहेत. त्यातले शंभर दाणे आज ओल्या गोणपाटात ठेवतो. सात दिवसांनी तुम्ही या, आपण दोघं मोजू. सोयाबीनला सत्तर टक्के उगवण लागते. माझं मोजणं सरकारी नाही, पण आपल्याला अंदाज येईल.

"तीन. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज आत्ता इथंच लिहू. पोच घेऊन तुम्ही या, कंपनीच्या माणसाला मी कळवतो. तक्रार समितीची माणसं रानात येऊन बघतील, पंचनामा होईल. तोवर रान मोडू नका. मोडलं की दाखवायला काही उरत नाही.

"आणि एक गोष्ट माझ्या हातात नाही. भरपाई मिळेल की नाही, किती मिळेल, हे मी सांगू शकत नाही. सांगितलं तर ते खोटं होईल."

शेवटचं वाक्य म्हणताना पोटात गोळा येतो, दर वेळी येतो. वाटतं की एवढा उतरलेला माणूस परत चढणार. क्वचित चढतोही. पण जो हात वर करून 'हे माझ्या हातात नाही' म्हणतो त्याच्या बाकीच्या तीन बोटांवर विश्वास बसतो. मामांनी विचारलं ते एवढंच: "रान किती दिवस तसंच ठेवू? पेरणीचे दिवस चाललेत." प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी त्यांच्या समोर कृषी कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. त्यानं दोन-तीन दिवसांत येऊ म्हटलं. 'दोन-तीन दिवसांत' ही तारीख नसते. म्हणून मी मामांना माझी तारीख दिली: "शुक्रवारी संध्याकाळी पाचला मी तुम्हाला फोन करतो. साहेब आले असोत, नसोत."

पर्याय द्यायला जमले तर दोनच द्या. 'अर्ज तुम्ही लिहिता की मी लिहू?' एवढ्यानंही माणसाच्या हातात काहीतरी येतं. पाच पर्याय ठेवलेत की तो परत गोंधळतो आणि गोंधळ रागाकडंच वळतो.

बिलबुकातून लागलेले दोन फोन मात्र वेगवेगळे निघाले. एकानं सांगितलं, उगवलंय पण विरळ. दुसऱ्याचं छान होतं. हे दुसरं मामांनीही ऐकलं, फोन स्पीकरवरच होता. अशा वेळी 'बघा, त्यांचं उगवलं की!' हे जिभेवर येतंच. तिथं जीभ चावायची. मी म्हणालो, "एकाचं विरळ, एकाचं बरं. म्हणजे नुसतं फोनवरून उलगडणार नाही, रानातच बघावं लागेल." तीच गोष्ट, पण तिचं बोट कुणाकडंच नाही.

हे तिन्ही मुद्दे मी दुकानाच्या पावतीच्या मागच्या बाजूला लिहून, तारखा टाकून, सही करून मामांना दिले. घरी गेल्यावर पोराला दाखवायला त्यांच्या हातात काहीतरी होतं. चहा या वेळी मागवला.

अडवणूक करू नका, हे वेगळं सांगावं लागतं, कारण काही दुकानदार अजूनही 'कुठं जायचं ते जा' म्हणतात. शेतकरी खरंच जाऊ शकतो. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडं, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाकडं, दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. त्याला हा रस्ता आपणच सांगितला तर तो आपल्याला शत्रू समजत नाही.

जिथं हे चालत नाही

दारू पिऊन आलेल्या माणसावर यातलं काही लागू पडत नाही. परत सांगितलेलं त्याला आठवत नाही आणि दिलेली तारीखही. त्याच्याबरोबर आलेल्या शुद्धीतल्या माणसाशी बोला आणि उद्या सकाळी नऊला या म्हणा.

मोबाइलवर शूटिंग करत चार-पाच जण आले असतील तर बोलणारा माणूस आणि नुकसान झालेला माणूस वेगळे असतात. ज्याचं वावर आहे त्याच्याकडं तोंड करून, त्याचं नाव घेऊन त्याच्याशीच बोलायचं. पुढाऱ्याच्या प्रश्नाला उत्तरही त्या शेतकऱ्याकडं बघूनच द्यायचं. शूटिंग बंद करा म्हणू नका. तुमची तीन बोटं मोबाइलसमोरही तीच राहिली तर तुम्हाला त्याची भीती नाही.

आणि तो मघाचा प्रकार, आवाज खाली गेलेला, दात आवळलेले. किंवा वस्तू उचलली, अंगावर आला. तिथं कौशल्य दाखवत बसायचं नाही. दाराची वाट आपल्या आणि त्याच्या दोघांच्याही मागं मोकळी ठेवायची, दोन पावलं मागं सरकायचं, एकदाच स्पष्ट म्हणायचं: "मामा, काम करायला मी तयार आहे. हात उचलला तर मला थांबावं लागेल." नाही थांबला तर शेजारच्या दुकानदारांना हाक आणि पोलिसांना फोन. इतक्या वर्षांत माझ्यावर ही वेळ दोनदा आली, आणि दोन्ही वेळा सुरुवात आमच्याच पोराच्या उर्मट बोलण्यानं झाली होती.

काउंटरवरच्या पोराचंही बघावं लागतं. शिव्या खाल्लेला पोरगा पुढच्या गिऱ्हाइकावर चिडतो, आणि ते गिऱ्हाईक बिचारं नुसतं युरिया विचारायला आलेलं असतं. मामा गेल्यावर पुतण्याला मी दहा मिनिटं बाहेर पाठवलं. त्याचे हात थरथरत होते. माझेही, पण ते मी खिशात घातले.

शुक्रवारी पाचला फोन केला. साहेब आले नव्हते. सोमवारचं सांगत होते. मामांना तेच सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, "बरं. फोन केलात ते बरं केलंत." सोमवारी समिती आली, रानात फिरली, ओळींतली रोपं मोजली, पंचनामा झाला. आमच्या गोणपाटातले शंभरातले एकसष्ट उगवले. आम्ही दोघांनी मोजले, मामांनी दोनदा. पुढं कंपनीनं बियाणं बदलून दिलं, ट्रॅक्टर आणि खताचे पैसे मात्र दिले नाहीत. मामांनी अर्ध्या रानात दुबार पेरलं आणि अर्ध्यात तूर घातली. ती तूर विकायला मोंढ्यात आले तेव्हा दुकानात डोकावले आणि पुतण्याला म्हणाले, "बिल आणलंय बरं का रे."